व्हिडिओ टाकण्याआधी पाच ठिकाणे एकदा जुळवून बघा



मागच्या वेळी 31 मे जवळ आली तेव्हाची गोष्ट. आमच्या जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. त्यावर तिसरीच्या मुलांसाठी मी सात मिनिटांचा एक व्हिडिओ केला आणि पालकांच्या गटावर पाठवला. दोन दिवसांनी दुसऱ्या गावातल्या एका आईचा फोन आला. "मॅडम, माझ्या मुलीनं भाषणात अहिल्यादेवींचा जन्म 1795 चा सांगितला. बाईंनी तिला थांबवलं. ती म्हणते, व्हिडिओत तसंच होतं."

मी व्हिडिओ पुन्हा ऐकला. त्यात मी स्पष्ट म्हटलं होतं, "31 मे 1725 रोजी चौंडी येथे जन्म." मग मुलीनं 1795 आणलं कुठून? उत्तर थंबनेलवर होतं. तिथे अहिल्यादेवींच्या चित्राशेजारी मोठ्या पिवळ्या आकड्यांत 1795 लिहिलेलं होतं. आधीच्या ऑगस्टमध्ये मी पुण्यतिथीचा व्हिडिओ केला होता. अहिल्यादेवींचं निधन 13 ऑगस्ट 1795 चं, म्हणून तेव्हा तो आकडा बरोबर होता. या वेळी त्याच थंबनेलवर "पुण्यतिथी" पुसून "जन्मगाव चौंडी" लिहिलं आणि आकडा तसाच राहिला. खर्ड्याची लढाईसुद्धा 1795 चीच. ते साल आमच्या तालुक्यात इतकं ओळखीचं की माझ्या डोळ्याला ते खटकलंच नाही.

मुलीचं काही चुकलं नव्हतं. सात मिनिटांत 1725 एकदाच कानावर पडलं, पण 1795 तिला व्हिडिओ उघडण्याआधी दिसलं, भाषण पाठ करायला व्हिडिओ पुन्हा लावला तेव्हाही दिसलं. जे मोठं दिसतं आणि पुन्हा पुन्हा दिसतं, तेच मूल वहीत लिहितं.

त्या दिवशी मी व्हिडिओची बाकीची माहितीही नीट वाचली आणि कपाळावर हात मारला. पाच ठिकाणी पाच वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या.

शीर्षक होतं "अहिल्यादेवी जयंती माहिती भाषण निबंध 10 ओळी मराठी हिंदी". व्हिडिओत भाषणही नव्हतं, निबंधही नव्हता. वर्णनात पुण्यतिथीचा जुना परिच्छेद तसाच चिकटलेला होता. टॅगमध्ये "खर्डा किल्ला" आणि "वजाबाकी" होतं, कारण ती माहिती आणखी एका जुन्या व्हिडिओतून आली होती. भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदी होती, कारण मधे मी एका हिंदी कवितेचा पाठ टाकला होता. आणि थंबनेलवर 1795 तर होतंच, मागे फोटोही महेश्वरच्या घाटाचा होता. महेश्वर ही अहिल्यादेवींची राजधानी, मध्य प्रदेशात नर्मदेकाठी. जन्मगावाच्या व्हिडिओवर राजधानीचा फोटो!

तेव्हापासून मी व्हिडिओ सार्वजनिक करण्याआधी एक तपासणी करते. दहा मिनिटं लागतात. आज तीच तपासणी याच चौंडीच्या व्हिडिओवर करून दाखवते. पालकांनाही याचा उपयोग आहे, कारण मुलाला व्हिडिओ लावून देताना तो कामाचा आहे की नाही, हे याच पाच ठिकाणांवरून ओळखता येतं.

आधी वहीत एक ओळ

पाच गोष्टी एकमेकींशी जुळवायला बसलो तर गोंधळ उडतो. शीर्षक वर्णनाशी जुळतं का, वर्णन टॅगशी जुळतं का, असं करत गेलो की आपणच हरवतो. त्यापेक्षा एक मूळ ओळ ठरवायची आणि पाचही ठिकाणं त्या एकाच ओळीशी जुळवायची. वर्गात आपण दहा वह्या एकमेकींशी ताडून बघत नाही, फळ्याशी ताडून बघतो. तसंच.

ही ओळ मी व्हिडिओ पूर्ण ऐकून झाल्यावर लिहिते, आधी नाही. आधी लिहिलेली ओळ म्हणजे आपण काय करणार होतो ते. नंतरची ओळ म्हणजे प्रत्यक्षात काय झालं ते. चौंडीच्या व्हिडिओची ओळ अशी झाली:

"तिसरीच्या मुलांना मराठीतून सांगितलेली, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावाची, म्हणजे जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ओळख, जन्म 31 मे 1725."

या ओळीत सहा ठोस गोष्टी आहेत. इयत्ता तिसरी, भाषा मराठी, व्यक्ती अहिल्यादेवी, ठिकाण चौंडी, विषय जन्मगावाची ओळख आणि साल 1725. त्या मी अधोरेखित करते. पुढची सगळी तपासणी म्हणजे या सहा शब्दांची शोधाशोध. प्रत्येक ठिकाणी सहाही असायलाच हवेत असं नाही. थंबनेलवर सहा गोष्टी मावणारही नाहीत. नियम इतकाच, की जे लिहिलं आहे ते या ओळीत असलं पाहिजे, आणि या ओळीच्या विरुद्ध काही नसलं पाहिजे. माझ्या पहिल्या थंबनेलवर माहिती कमी होती हा दोष नव्हता, विरुद्ध होती हा दोष होता.

शीर्षक

यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे. पण मराठीत हे 100 लवकर संपतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडण्याचा हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. "इयत्ता" हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सहा होतो: इ, य, त, हलन्त, त आणि काना. त्यामुळे "निबंध भाषण 10 ओळी" असल्या शब्दांनी जागा भरली की कामाचा शब्द बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट, 100 अक्षरं मावली तरी मोबाइलवरच्या यादीत सगळी दिसत नाहीत. लांब शीर्षक मधेच तुटतं आणि पुढे टिंबं येतात. म्हणून ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग अगदी सुरुवातीला हवा. माझं जुनं शीर्षक तुटलं असतं तर "अहिल्यादेवी जयंती माहिती भाषण…" एवढंच उरलं असतं. म्हणजे जे व्हिडिओत नाही नेमकं तेच दिसलं असतं. नवं शीर्षक असं केलं:

```
चौंडी : अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव | इयत्ता तिसरी परिसर अभ्यास | अहिल्यानगर जिल्हा
```

मोजणीत हे 87 होतं. पहिल्या 39 मध्ये ठिकाण, व्यक्ती आणि विषय येऊन जातो. तिथे तुटलं तरी वाक्य खोटं पडत नाही. शीर्षकाची माझी परीक्षा हीच आहे. पहिला अर्धा भाग हाताने झाकायचा, मग दुसरा झाकायचा, आणि उघड्या भागावरून चुकीची समजूत होते का ते बघायचं.

शेवटी जिल्हा का लिहिला? कारण आपल्याकडे तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघत आलं आहे. बीडच्या किंवा धाराशिवच्या पालकाला "तिसरी परिसर अभ्यास" एवढंच दिसलं तर तो आपल्या पुस्तकाचा धडा समजून व्हिडिओ उघडणार, आणि मुलाच्या हातात पुस्तक वेगळं निघणार. आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. शीर्षकात आजचं नाव ठेवलं. जुन्या नावाची सोय कुठे केली ते पुढे येतंच.

वर्णन

वर्णनाला 5000 अक्षरांची जागा असते, आणि धोका तिथेच आहे. जागा मोठी म्हणून आपण जुन्या व्हिडिओचा मजकूर चिकटवतो, वरच्या दोन ओळी बदलतो आणि खालचं वाचतच नाही. माझा पुण्यतिथीचा परिच्छेद अगदी असाच खाली लपून राहिला होता.

बघणाऱ्याला न उघडता वर्णनाची फक्त सुरुवात दिसते. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत वहीतली ओळ पूर्ण उतरवायची, शीर्षकात न मावलेल्या गोष्टींसह. मी असं लिहिलं:

```
अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी (ता. जामखेड) येथे झाला.
या व्हिडिओत इयत्ता तिसरीच्या मुलांसाठी चौंडी गावाची मराठीतून ओळख करून दिली आहे.
जिल्हा : अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर).
```

जुन्या नावाची सोय इथे झाली. ज्याच्या घरात जुनं पुस्तक आहे, ज्याच्या डोक्यात अजून "नगर"च आहे, त्याला हे एक वाक्य पुरतं. शीर्षकात एक नाव आणि वर्णनात गुपचूप दुसरंच नाव असं असतं तर ती विसंगती झाली असती. दोन्ही नावांचं नातं एकदा उघड सांगितलं की ती माहिती होते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. तपासणीत दोन वेगळे शब्द सापडले म्हणून लगेच एक खोडायचा नाही. ते एकाच गोष्टीची दोन नावं आहेत की दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी बघायचं. अहमदनगर आणि अहिल्यानगर ही एका जिल्ह्याची दोन नावं. चौंडी आणि महेश्वर ही दोन वेगळी गावं.

वर्णन तपासताना मी ते खालून वर वाचते. वरून वाचलं की आपण आपलंच लिखाण पाठ असल्यासारखं पुढे सरकतो. खालून एकेक परिच्छेद घेतला की चिकटवलेला मजकूर पटकन सापडतो. तारखा आणि साल दिसलं की बोट ठेवून थांबते आणि वहीशी ताडते. व्हिडिओत कोणत्या मिनिटाला काय आहे अशी यादी दिली असेल तर त्यातल्या वेळांवर एकदा बोट ठेवून बघावं. कापाकापी केल्यावर व्हिडिओ लहान होतो आणि वेळा जुन्याच राहतात.

टॅग

टॅगबद्दल आपल्या शिक्षकांत बरेच गैरसमज आहेत. जास्त टॅग म्हणजे जास्त लोक बघणार असं वाटतं, म्हणून "गणित, इंग्रजी, स्कॉलरशिप, नवोदय" सगळं भरलं जातं. यूट्यूबच्या स्वतःच्या मदत पानावर मात्र असं सांगितलं आहे की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा फार थोडा असतो, आणि त्यांचा खरा उपयोग लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग चुकवतात तिथे होतो. विषयाशी संबंध नसलेले शब्द वर्णनात ढीगभर टाकणं तर तिथल्या नियमांच्याही विरुद्ध आहे.

चौंडीच्या बाबतीत हा खरा उपयोग फार चांगला दिसतो. गावाचं नाव काही जण चौंडी लिहितात, काही चोंडी. नावही अहिल्याबाई, अहिल्यादेवी, अहल्याबाई असं तीन तऱ्हांनी आढळतं. आणि कितीतरी पालक मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. म्हणून टॅग असे:

```
चौंडी, चोंडी, Chondi, Chaundi, अहिल्यादेवी होळकर, अहिल्याबाई होळकर,
अहल्याबाई होळकर, Ahilyabai Holkar, Ahilyadevi Holkar,
जामखेड, Jamkhed, अहिल्यानगर, अहमदनगर, तिसरी परिसर अभ्यास
```

एकूण मर्यादा 500 अक्षरांची आहे, आणि आपण तिच्या आसपासही जात नाही. जायची गरज नाही. प्रत्येक टॅगला एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द शोधून माझा व्हिडिओ उघडणाऱ्याला हवं ते मिळेल का? "चोंडी" शोधणाऱ्याला मिळेल. "वजाबाकी" शोधणाऱ्याला नाही मिळणार. "महेश्वर"? मी जरा थांबले. व्हिडिओत महेश्वरचा उल्लेख एका वाक्यात आहे. पण महेश्वर शोधणाऱ्याला घाट आणि राजवाडा बघायचा असतो. म्हणून तो टॅग काढला.

शीर्षकात आणि वर्णनात मात्र एकच लेखन ठेवायचं. तिथे वर चौंडी आणि खाली चोंडी झालं की मूल विचारणार, "बाई, बरोबर कोणतं?" स्पेलिंगचे प्रकार टॅगमध्ये, ठरलेलं लेखन बाकी सगळीकडे.

भाषेचं सेटिंग

हे ठिकाण सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण ते समोर दिसतच नाही. संगणकावर यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओची माहिती उघडायची, खाली Show more दाबायचं, आणि मग Video language नावाची जागा सापडते. इथे व्हिडिओत बोलली जाणारी भाषा निवडायची असते. शीर्षक आणि वर्णन कोणत्या भाषेत लिहिलं आहे त्यासाठी Title and description language ही वेगळी जागा आहे. आपल्या व्हिडिओत दोन्हीकडे मराठी, म्हणजे Marathi.

आपल्याला वाटतं, "अक्षरं मराठी आहेत, मग यंत्राला कळत नाही का?" पण अक्षरं मराठी नसतात, देवनागरी असतात. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळ्या याच लिपीत लिहितात. "चौंडी, अहिल्यादेवी होळकर" एवढ्यावरून ही मराठी की हिंदी, हे माणसालाही सांगता येणार नाही. म्हणून भाषा आपण सांगायची.

ती चुकीची सांगितली तर काय होतं? व्हिडिओखाली बोलण्याची लिखित पट्टी आपोआप तयार होते, तिला या सेटिंगचा आधार असतो. हिंदी निवडलं असेल तर मराठी बोलणं हिंदी समजून लिहिण्याचा प्रयत्न होतो. आपण म्हणतो "सतराशे पंचवीस". हिंदीत तो आकडा "सत्रह सौ पच्चीस" असतो. म्हणजे नेमकं सालच बिघडायची भीती. आवाज बंद करून पट्टी वाचणारी मुलं असतात, ऐकायला कमी येणारी मुलं असतात. त्यांच्यासाठी ती पट्टी हाच धडा आहे. सेटिंग बरोबर असूनही पट्टी चुकते, तेव्हा निदान नावं आणि आकडे तरी स्वतः वाचून दुरुस्त करावेत.

भाषा चुकीची आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पट्टी सुरू करून पहिलं अर्धं मिनिट वाचणं. "आहे"च्या जागी "है" आणि "मुलांनो"च्या जागी काहीतरी भलतंच दिसलं की समजायचं.

हे हिंदी माझ्याकडे आलं कुठून तेही सांगते. नवीन व्हिडिओ चढवताना Reuse details नावाची सोय असते. जुन्या व्हिडिओची माहिती तिथून उचलता येते. वेळ वाचतो, पण ज्यावर खूण राहते ते सगळं येतं, टॅगही आणि भाषाही. दुसरी जागा म्हणजे सेटिंगमधलं Upload defaults. तिथे एकदा मराठी ठरवून ठेवलं की संगणकावरून चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओला ते आपोआप लागतं. मोबाइल अ‍ॅपवरून चढवलेल्याला ते लागत नाही. आपल्यातले बरेच जण मोबाइलवरूनच व्हिडिओ टाकतात, म्हणून "मी तर मराठी ठरवून ठेवलंय" यावर विसंबू नये.

भाषेचीच आणखी एक चूक थंबनेल बनवणाऱ्या अ‍ॅपमधून येते. तयार नमुन्यांवर हिंदी शब्द असतात. एका नमुन्यावर "शिक्षा" असा शब्द होता. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड! तिसरीच्या मुलानं तो वाचून विचारलं असतं, "कुणाला शिक्षा झाली?" भाषा मराठी ठरली की ती चित्रावरच्या शब्दांतही मराठीच हवी.

थंबनेल

आता मूळ दुखण्याकडे येऊ. थंबनेल 1280 बाय 720 च्या मापात करतात, म्हणजे 16 ला 9 या प्रमाणात. आपण ते संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पूर्ण पडद्यावर बनवतो, आणि मूल ते यादीत बोटभर आकारात बघतं. म्हणून ते त्याच आकारात तपासायचं. मी चित्र फोनच्या गॅलरीत नेते, छोट्या चौकोनांच्या दृश्यात ठेवते आणि हात लांब करून बघते. तेवढ्या आकारात जे वाचता येतं तेच आपण खरोखर म्हणतो आहोत. माझ्या जुन्या थंबनेलवर तसं बघितलं तर "जन्मगाव चौंडी" पुसट दिसत होतं आणि "1795" ठळक. म्हणजे मुलीला दिसलं ते बरोबरच दिसलं होतं.

उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा ठेवायचा. तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. आपण इयत्ता किंवा साल तिथे लिहिलं तर शेवटचा आकडा झाकला जातो.

नवं थंबनेल मी जुन्यावर बदल करून केलं नाही, कोऱ्या पानापासून केलं. त्यावर चारच गोष्टी: चौंडीत मी स्वतः काढलेला फोटो, "चौंडी" हा शब्द, त्याखाली "अहिल्यादेवींचे जन्मगाव", आणि वर कोपऱ्यात "तिसरी". साल टाकायचंच असेल तर नुसता आकडा टाकू नये, हे मी या प्रकरणातून शिकले. "जन्म 1725" लिहावं. एकटा आकडा कशाचाही होऊ शकतो. शब्दासोबतचा आकडा चुकला तरी निदान चूक दिसते. "जन्म 1795" असं लिहिलं असतं तर मलाच तेव्हा खटकलं असतं.

फोटोही बोलतो, हे विसरू नका. शब्द सगळे बरोबर असले तरी मागे महेश्वरचा घाट असेल तर मूल समजणार की चौंडी अशी दिसते. चित्राखालचा सगळा मजकूर झाकून विचारायचं, "हे कुठलं?" उत्तर वहीतल्या ओळीत नसेल तर फोटो बदलायचा.

शेवटची जुळवणी आणि कधी करायची

हे सगळं सार्वजनिक करण्याआधी का? नंतरही शीर्षक, थंबनेल बदलता येतंच की. येतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की त्या वेळचं चित्र आणि शीर्षक संदेशासोबत जातं. नंतर आपण यूट्यूबवर बदललं तरी आधी गेलेल्या संदेशातलं जुनं चित्र तसंच राहतं. माझं 1795 अजूनही कुठल्या कुठल्या पालक गटांत पडून असेल.

म्हणून मी व्हिडिओ आधी Unlisted ठेवते, म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतो. मग माझं खातं नसलेल्या फोनवर तो उघडते आणि घरातल्या चौथीतल्या मुलीला दाखवते. आवाज बंद, व्हिडिओ सुरू करायचा नाही. तीन प्रश्न विचारते: हा व्हिडिओ कशाचा आहे? कोणत्या इयत्तेचा आहे? यातून कोणतं साल लक्षात राहिलं? तिची उत्तरं वहीतल्या ओळीशी जुळली की सार्वजनिक करते. आपण स्वतः तपासलं तर डोक्यात असलेलं उत्तरच डोळ्यांना दिसतं. म्हणून हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं, आणि मूल त्यासाठी सगळ्यात बरं.

एक मर्यादाही सांगते. ही तपासणी पाच ठिकाणं एकमेकांशी जुळतात का एवढंच सांगते, ती खरी आहेत का ते सांगत नाही. मी वहीतच 1735 लिहिलं असतं तर पाचही ठिकाणी 1735 छान जुळलं असतं आणि पाचही चुकीची असती. त्यामुळे वहीतली ओळ लिहितानाच पुस्तक उघडून नाव, साल आणि गाव ताडायचं.

माझ्या वहीच्या आतल्या पानावर चिकटवलेली यादी खाली देते. हवी तर तुम्हीही उतरवून घ्या.

1. व्हिडिओ पूर्ण ऐकला. वहीत एक ओळ लिहिली. इयत्ता, भाषा, व्यक्ती, ठिकाण, विषय, साल अधोरेखित केलं. पुस्तकाशी ताडलं.
2. शीर्षक अर्ध्यात झाकून दोन्ही बाजूंनी वाचलं. चुकीची समजूत होत नाही.
3. वर्णन खालून वर वाचलं. प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं. जुन्या व्हिडिओचा मजकूर उरलेला नाही.
4. टॅगमध्ये फक्त याच विषयाची नावं आणि त्यांची वेगवेगळी लेखनं आहेत.
5. भाषेच्या दोन्ही जागा उघडून मराठी आहे हे डोळ्यांनी बघितलं. पट्टीचं पहिलं अर्धं मिनिट वाचलं.
6. थंबनेल लहान आकारात बघितलं. आकड्यासोबत शब्द आहे. फोटो त्याच ठिकाणाचा आहे. उजवा खालचा कोपरा मोकळा आहे.
7. मुलाला आवाज बंद ठेवून तीन प्रश्न विचारले.

त्या आईला मी परत फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. मुलीशीही बोलले. ती म्हणाली, "मग बाई, 1795 ला काय झालं होतं?" मी तिला सांगितलं की त्या मार्चमध्ये आपल्याच तालुक्यात खर्ड्याला मराठ्यांची निजामाशी लढाई झाली आणि ऑगस्टमध्ये अहिल्यादेवी गेल्या. आता तिला दोन्ही सालं पक्की पाठ आहेत. पण ती माझ्या थंबनेलमुळे नव्हे, फोनमुळे पाठ झाली, हे मी विसरत नाही.